उत्तराच्या पहिल्या ओळीतला ‘नमस्कार’

प्रश्न: मी खानापूर तालुक्यातल्या एका पतसंस्थेत पत्रव्यवहार बघते. सभासदांना उत्तर लिहायला बसले की पहिली ओळ आपोआप ‘नमस्कार’ अशीच येते. आमचे साहेब म्हणतात, ऑफिसच्या पत्रात ‘महोदय’च लिहायचं, नमस्कार घरच्या पत्रात. ‘नमस्कार’चा नेमका अर्थ काय आणि उत्तराच्या सुरुवातीला तोच का बरा वाटतो?

नमस्कार ताई,

मी हायस्कुलात मराठी शिकवलं. त्याच काळात गावच्या वाचनालयाचा आणि दूध संस्थेचा पत्रव्यवहारही माझ्याकडेच होता आणि आजही बराचसा आहे. आमचं गाव बेळगावच्या पश्चिमेला, अर्धी पत्रं मराठीतून येतात नि अर्धी कन्नडमधून. त्यामुळे तुमच्या प्रश्नावर मी पुष्कळ विचार केलेला आहे.

तुमच्या हाताला आपोआप सुचतं ते बरोबर आहे. आधी शब्दाचं बघू.

‘नम्’ म्हणजे वाकणे, लवणे. त्यावरून ‘नमस्’, म्हणजे वाकण्याची क्रिया, आदर. त्याला ‘कार’ जोडला, म्हणजे ‘करणे’. नमस्कार म्हणजे वाकणं करणं. इथे एक बारीक गंमत आहे. एरवी क च्या आधी आलेला विसर्ग विसर्गच राहतो. आपण अंतःकरण लिहितो, प्रातःकाल लिहितो. पण नमःकार कोणी लिहीत नाही. पाणिनीने त्यासाठी ‘नमस्पुरसोर्गत्योः’ असं खास सूत्र दिलं आहे. नमस् आणि पुरस् हे शब्द ‘कृ’ धातूला घट्ट चिकटून एकच क्रियापद होतात, तेव्हा विसर्गाचा स् होतो. म्हणून नमस्कार आणि म्हणूनच पुरस्कार. पुरस्कार म्हणजे पुढे करणं, तसा नमस्कार म्हणजे वाकणं करणं. वैयाकरणांनी या शब्दाकडे एक पक्की, एकजीव क्रिया म्हणून पाहिलं, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. या शब्दात निरोप नाही की शुभेच्छा नाही. तो एका कृतीचं नाव आहे.

आता ‘नमस्ते’ शेजारी ठेवा. नमः अधिक ते. हा ‘ते’ म्हणजे ‘तुला’, आणि तोही एकवचनी. संस्कृतात नमः म्हटलं की ज्याला वाकायचं त्याची चतुर्थी लागते, जसं श्रीगणेशाय नमः. म्हणजे ‘नमस्ते’मध्ये समोरचा माणूस शब्दाच्या आतच बसलेला आहे, आणि तो ‘तू’ आहे. संस्कृतात देवालाही ‘तू’ म्हणतात, त्यामुळे त्यात अनादर काही नाही. पण ‘नमस्कार’मध्ये ‘तू’ नाही, ‘तुम्ही’ नाही, ‘आपण’ही नाही. फक्त वाकणं आहे. कोणासमोर, ते शब्द सांगत नाही. पत्र लिहिणाऱ्याला याचा केवढा आधार आहे, ते पुढे सांगतो.

पत्रात माणूस समोर नसतो. प्रत्यक्ष भेटीत आपण हात जोडतो, मान लववतो, चप्पल काढून पायांशी वाकतो, आणि तोंडाने ‘नमस्कार’ नाही म्हटलं तरी तो पोचतो. कागदावर हातही नाहीत नि मानही नाही. मग लिहिलेला नमस्कार म्हणजे नमस्काराची नुसती बातमी का? नाही. मराठीत असे थोडे शब्द आहेत जे उच्चारले की ते काम होऊनच जातं. ‘आभार’ म्हटलं की आभार मानले गेले. ‘अभिनंदन’ म्हटलं की अभिनंदन झालं. ‘नमस्कार’ त्यातलाच. परंपरेनेही याला जागा दिलेली आहे. साष्टांग नमस्काराची आठ अंगं सांगणारा श्लोक आहे: ‘उरसा शिरसा दृष्ट्या मनसा वचसा तथा, पद्भ्यां कराभ्यां जानुभ्यां प्रणामोऽष्टाङ्ग उच्यते’. छाती, मस्तक, दृष्टी, मन, वाणी, पाय, हात आणि गुडघे. शाळेत मुलांना विचारलं की ती सगळी शरीराचीच अंगं मोजतात आणि सहा की आठ यात अडकतात. आठांत मन आणि वाणीही आहेत. म्हणजे ‘साष्टांग नमस्कार’ असं कागदावर लिहिणारा माणूस निदान दोन अंगांनी तरी खरोखर नमस्कार करत असतो, बाकीची सहा पोस्टाने पाठवता येत नाहीत एवढंच.

आणि लिहिण्याची सुरुवात ‘नमस्’ने करणं ही या मातीतली जुनी रीत आहे. पूर्वी पंतोजी मुलाला धूळपाटीवर पहिलं गिरवायला देत ते ‘ॐ नमः सिद्धम्’. मुलांच्या तोंडी त्याचं ‘ओनामासीधं’ झालं, आणि त्यातून ‘ओनामा’ हा शब्द आला. आजही आपण एखाद्या कामाचा ओनामा केला म्हणतो, तेव्हा त्यात तो ‘नमः’ दडलेला असतो. कर्नाटकातले कितीतरी शैव शिलालेख ‘नमस्तुंग’ या शब्दाने सुरू होणाऱ्या शिवस्तुतीच्या श्लोकाने उघडतात. खाली दानाचा तपशील असतो, जमिनीच्या चतुःसीमा असतात, साक्षीदार असतात, सगळा कोरडा व्यवहार. पण दगडावर पहिला शब्द वाकण्याचा. तुमच्या पतसंस्थेचं पत्रही शेवटी व्यवहाराचंच, त्याच्या डोक्यावर नमस्कार आला तर त्यात घरगुती असं काही होत नाही.

आता पत्राकडे येऊ. तुम्ही लिहिता तो एकटा ‘नमस्कार’ पूर्वी एकटा नव्हता, एका लांब वाक्याच्या मधोमध होता. जुन्या लोकांची पत्रं तुमच्या घरी कुठे पत्र्याच्या पेटीत असतील तर काढून बघा. ‘सा. न. वि. वि.’ असं दिसेल. ते आहे ‘साष्टांग नमस्कार विनंती विशेष’. ‘कृ. सा. न. वि. वि.’ असलं तर ‘कृतानेक साष्टांग नमस्कार’, म्हणजे अनेकवार केलेले. ‘शि. सा. न.’ म्हणजे ‘शिरसाष्टांग नमस्कार’, तो वडिलांना. ‘स. न. वि. वि.’ बरोबरीच्या माणसाला, ‘सप्रेम नमस्कार’. ‘विनंती विशेष’चा अर्थ बहुतेकांना आता कळत नाही, म्हणून सांगतो. विनंती म्हणजे अदबीने सांगणं, आणि ‘विशेष’ म्हणजे ‘आता खास सांगायचं ते असं’. ‘विशेष’च्या पुढे खरा मजकूर सुरू व्हायचा.

पूर्ण सोडवून लिहिलं तर त्या ओळी अशा होतात: ‘तीर्थस्वरूप बाबांचे सेवेसी, बाळकाचे कृतानेक साष्टांग नमस्कार. विनंती विशेष. येथील क्षेम, तेथील क्षेम कळवीत जावे.’ कोणाला, कोणाकडून, काय, हे तिन्ही त्यात येतं. आधी घेणाऱ्याचा मान, मग लिहिणाऱ्याचं नातं, त्या दोघांना जोडणारी कृती म्हणजे नमस्कार, मग खुशाली, मग काम. पेशवाईतल्या दरबारी पत्रांतही हाच सांगाडा आहे, ‘विनंती उपरी येथील कुशल जाणोन स्वकीय कुशल लिहीत जावे’ असा. याला ‘मायना’ म्हणत, आणि तो चुकला तर मजकूर कितीही चांगला असला तरी पत्र फसलं असं समजत.

आपल्याकडे गंमत अशी की कन्नड घरांतल्या जुन्या पत्रांचाही सांगाडा हाच. शेजारच्या घरी मुलाचं पत्र आलं की त्यात असायचं, ‘निम्म मग माडुव साष्टांग नमस्कारगळु’, म्हणजे तुमचा मुलगा करतो ते साष्टांग नमस्कार. पुढे ‘उभय कुशलोपरी सांप्रत’, दोन्हीकडची खुशाली झाल्यावर आता हे. ‘माडुव’ म्हणजे करणारा, करत असलेला. मूळ ‘कार’ तिथे कन्नड क्रियापदाने पुन्हा उलगडून सांगितलेला आहे. भाषा निराळी, पण दोन्हीकडे वाकणं आधी आणि काम नंतर.

पोस्टकार्ड आलं, अंतर्देशीय आलं, जागा कमी झाली, तशी अक्षरं आक्रसून ‘सा. न. वि. वि.’ झाली. मग मोबाईल आला. ‘सेवेसी’ गेलं, ‘बाळकाचे’ गेलं, ‘विनंती विशेष’ गेलं, खुशालीही गेली. सगळं गळून पडलं तरी नमस्कार राहिला. कारण त्या वाक्यात कृती तेवढीच होती, बाकीचं तिच्याभोवतीचं. तुमच्या हातून जी पहिली ओळ आपोआप येते, ती त्या मायन्याचा उरलेला गाभा आहे. म्हणून ती पूर्ण वाटते, अपुरी वाटत नाही.

इथे एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाणं बरोबर नाही. हा शब्द पूर्वी सगळ्यांचा नव्हता. कोणी कोणाला काय म्हणायचं हे जातीवर ठरलेलं असे. ब्राह्मणांत नमस्कार, इतरांत रामराम, दंडवत, आणि महारांनी वरच्यांना ‘जोहार’ म्हणायचं. 1779 साली मुंबईत ईस्ट इंडिया कंपनीच्या सरकारने पुण्याच्या पेशवे दरबाराच्या आग्रहावरून हुकूम काढला, की दैवज्ञ सोनारांनी ‘नमस्कार’ म्हणू नये. एका शब्दासाठी सरकारी हुकूम! त्या लोकांना तो शब्द हवा होता कारण तो बरोबरीचा होता. नमस्काराला नमस्कारच परत मिळतो. जोहाराला जोहार परत मिळत नसे. आज पतसंस्थेच्या सभासदाला, तो कुठल्याही गल्लीतला असो, पहिली ओळ ‘नमस्कार’ अशी जाते, यामागे इतक्या लोकांनी मिळवलेली बरोबरी आहे. साहेबांना हा शब्द घरगुती वाटतो, पण त्याचा इतिहास चांगलाच सार्वजनिक आहे.

‘परत मिळतो’ म्हणालो, त्यातच उत्तराचा मुद्दा आहे. तुम्ही विचारलंय ते पत्राबद्दल नाही, उत्तराबद्दल. वडीलधाऱ्याला पाया पडलो की तिकडून आशीर्वाद येतो, म्हणजे जाताना एक नि येताना दुसरं. जुन्या पत्रांतही तसंच, मुलगा लिहिणार ‘साष्टांग नमस्कार’ आणि बाप लिहिणार ‘अनेक उत्तम आशीर्वाद’. बरोबरीच्या नमस्काराचं मात्र तसं नाही. जो गेला तोच परत येतो. सभासदाने ‘नमस्कार’ लिहून तक्रार केली आणि तुमच्या उत्तरात एकदम ‘आपल्या संदर्भीय पत्रास अनुसरून’ आलं, तर त्याचा नमस्कार परत गेला नाही. तो तसं बोलून दाखवणार नाही, पण वाचताना त्याला ते जाणवतं. म्हणून उत्तरात हा शब्द पत्रापेक्षाही जास्त सहज येतो.

आता एक उदाहरण शेवटपर्यंत करून बघू. समजा पत्र आलं, खाली सही ‘एस. आर. पाटील’. मुदत ठेव 14 तारखेला पिकली, व्याज जमा झालं नाही, पत्र 18 तारखेचं. आता सांगा, हे पाटील कोण? बेळगाव भागात पाटील मराठा असतात, लिंगायत असतात, जैन असतात. घरात मराठी बोलत असतील, कन्नड बोलत असतील, दोन्ही बोलत असतील. ‘एस.’ म्हणजे सुरेश की सुमित्रा, पत्रावरून कळत नाही. वय कळत नाही.

‘महोदय’ लिहिलंत की तुम्ही त्यांना पुरुष ठरवलंत. ‘महोदया’ लिहिलंत तर बाई ठरवलंत. ‘महोदय/महोदया’ असं तिरकी रेघ मारून लिहिलंत तर तो छापील फॉर्म झाला. ‘श्री.’ आणि ‘सौ.’ची तीच अडचण, सौ.मध्ये तर लग्नाचाही अंदाज करावा लागतो, आणि तो चुकला तर एखाद्या विधवा बाईच्या घरी ते पत्र जाऊन काय होतं ते तुम्हाला सांगायला नको. कन्नड पत्रात ही अडचण येत नाही. तिथे ‘मान्यरे’ असतं, ते आदरार्थी अनेकवचन आहे, बाईला चालतं नि बुवालाही चालतं. मराठीत ‘महोदय’ला तशी सोय नाही. ‘नमस्कार’मध्ये मात्र समोरचा माणूसच नसल्यामुळे लिंगाचा प्रश्न उठत नाही, वयाचा नाही, तू-तुम्हीचाही नाही. आणि तोच शब्द कन्नडमध्येही नमस्कारच आहे, शेवटचा अ तेवढा ते पूर्ण उच्चारतात. आमच्याकडे बाजारात कोणी ‘नमस्कार री’ म्हटलं आणि कोणी ‘नमस्कार हो’ म्हटलं तर दोघांनाही परकं वाटत नाही. पाटलांच्या घरी ते पत्र कोण कोणाला वाचून दाखवणार, हे आपल्या हातात नसतं. पुष्कळदा नातवंडं आजीला वाचून दाखवतात. पहिला शब्द दोन्ही भाषांत चालणारा असला की वाचणारं पोर तिथे अडत नाही.

आता दोन मसुदे शेजारी ठेवतो. पहिला साहेबांच्या पद्धतीचा:

‘महोदय, आपल्या दि. 18 च्या पत्रास अनुसरून आपणांस कळविण्यात येते की, सदर ठेवीच्या नूतनीकरण अर्जावर सहखातेदाराची स्वाक्षरी नसल्याने व्याज जमा करण्यात आलेले नाही. तरी आवश्यक ती पूर्तता करण्यात यावी.’

दुसरा तुमच्या हाताला सुचणारा:

‘नमस्कार. तुमचं 18 तारखेचं पत्र मिळालं. ठेव दोघांच्या नावावर आहे आणि नूतनीकरणाच्या अर्जावर एकच सही आहे, म्हणून व्याज जमा करता आलं नाही. दुसऱ्या खातेदाराला घेऊन या, किंवा त्यांची सही असलेला अर्ज पाठवा. अर्ज पूर्ण झाला की व्याज 14 तारखेपासूनच धरलं जाईल.’

शेवटचं वाक्य संस्थेच्या नियमात बसत असेल तरच लिहा, हे वेगळं सांगायला नको. पण दोन्ही मसुदे मोठ्याने वाचून बघा. ‘महोदय’च्या मागे ‘कळविण्यात येते’, ‘करण्यात आलेले नाही’, ‘करण्यात यावी’ अशी रांगच लागते. कोण कळवतंय, कोणी केलं नाही, कोणी करायचं, कशाचाच पत्ता नाही. ‘नमस्कार’ लिहिल्यावर ती भाषा पेनातून उतरतच नाही, कारण नमस्काराला कर्ता लागतो. कोणीतरी वाकलेलं आहे. मग त्याच माणसाने पुढची वाक्यं बोलायला हवीत. याच कारणाने खाली नुसता शिक्का आणि ‘व्यवस्थापक’ असं चालत नाही. तुमचं नाव हवं. ज्याचा नमस्कार, त्याची सही. जुन्या मायन्यात नाव नमस्काराच्या आधी यायचं, आता ते खाली येतं, पण यायला हवंच. पहिल्या मसुद्यात आणखी एक गोष्ट राहून गेली आहे ती बघा: व्याज कधीपासून मिळणार हे त्यात नाहीच. पाटलांना पहिल्यांदा तेच हवं होतं. माणूस माणसाशी बोलायला लागला की असा प्रश्न आधी आठवतो, असा माझा अनुभव आहे.

सभासदाने नमस्काराऐवजी दुसरं काही लिहिलं असलं तर काय? आपल्या भागात हे रोजचं आहे. कोणी ‘जय भीम’ लिहितं, कोणी ‘राम कृष्ण हरी’, कोणी ‘शरणु’, कोणी ‘सलाम’. माझं मत असं, की ती व्यक्ती तुमच्या ओळखीची असेल आणि तुम्हाला तो शब्द मनापासून म्हणता येत असेल, तर तोच परत करा. ‘शरणु’ला ‘शरणु शरणार्थी’ म्हटलं की लिंगायत माणसाला आपलं वाटतं. पण संस्थेच्या कागदावर लिहिताना तुम्ही एकट्या नसता, तिथे ‘नमस्कार’च बरा. ‘जय महाराष्ट्र’चंही तेच. आपल्याकडे त्या दोन शब्दांत 1956 पासूनच्या सीमालढ्याचं सगळं भरलेलं आहे, म्हणणाऱ्याच्या गळ्यात काय दाटतं ते मला माहीत आहे. तो शब्द सभेत म्हणावा, घरी म्हणावा. पण ठेवीचं व्याज विचारणारा सभासद कन्नड घरातलाही असतो, आणि पतसंस्था त्याचीही आहे.

कुठे लिहू नये, तेही सांगतो. कोणाच्या घरी मृत्यू झाला असेल आणि त्यासंबंधी, वारसाच्या नावाबद्दल वगैरे, तुम्ही उत्तर देत असाल, तर पहिली ओळ नमस्काराची नको. सुतकात नमस्कार करत नाहीत आणि घेतही नाहीत, हे पुष्कळ घरांत अजून पाळतात. तिथे सरळ ‘तुमच्या वडिलांच्या निधनाची बातमी कळली’ इथून सुरू करा. थकबाकीच्या नोटिशीतही नको. ‘नमस्कार’ लिहून तिसऱ्या ओळीत ‘कायदेशीर कारवाई’ आली की दोन्ही खोटं वाटतं. तशी नोटीस जाण्याआधी जे आठवणीचं पत्र जातं, त्यात मात्र जरूर लिहा.

लहानसहान गोष्टी. ‘नमस्कार’ हे पूर्ण वाक्य आहे, म्हणून एकटाच लिहिला तर पुढे पूर्णविराम द्यावा. नाव किंवा नातं जोडलं तर स्वल्पविराम शोभतो, जसं मी वर केलं. उद्गारचिन्ह देऊ नका, त्याने स्टेजवरून बोलल्यासारखं होतं. अनोळखी सभासदाला ‘सप्रेम’ नको. ‘सा. न. वि. वि.’ ज्याला उलगडून सांगता येत नाही त्याने लिहू नये, कारण मग धाकट्यालाही साष्टांग जातो. मोबाईलवर एकाच दिवशी त्याच माणसाशी चारदा बोलणं झालं तर नमस्कार पहिल्याच वेळी पुरे. आणि ‘नमस्कार, कसे आहात?’ असं तक्रारीच्या उत्तरात विचारू नका. ज्याचं व्याज अडलंय तो कसा आहे हे आपल्याला माहीतच आहे.

साहेबांशी वाद घालू नका, वाटणी करून घ्या. सहकार खात्याच्या निबंधकांना, बँकेला, कुठल्याही सरकारी ऑफिसला जाणाऱ्या पत्रात प्रति, विषय, संदर्भ आणि ‘महोदय’ ठेवा. तिथे पत्र पदाला जातं, पदावरचा माणूस उद्या बदलतो, नमस्कार नेमका कोणाला करायचा हाच प्रश्न पडतो. ठरावाच्या नकलांना आणि नोटिशींना काहीच नको. सभासदाच्या पत्राला जे उत्तर जातं, तिथे ‘नमस्कार’ आणि खाली तुमचं नाव. कन्नड प्रतीत ‘मान्यरे’च्या जागी किंवा त्याच्या पुढे ‘नमस्कार’ घालून दोन्ही प्रती सारख्या करा आणि दोन-चार पत्रं तशी साहेबांना सहीला ठेवा. ‘महोदय’ कुठे जायचा नि कुठे नाही हे असं ठरलेलं दिसलं की त्यांचीही हरकत राहणार नाही, असं मला वाटतं.